'ऑटो' वेग बघतं, तुमची शिल्लक नाही



आजचा विषय मोबाइलवरच्या व्हिडिओचा आहे. बचतीच्या बैठकीत हा कुठून आला, असं काहींना वाटेल. पण महिन्याचा किरकोळ खर्च लिहून काढायला सांगितलं की 'डेटा व्हाउचर', 'ॲड-ऑन', 'बूस्टर' अशी २०-२० रुपयांची नावं बऱ्याच जणांच्या कागदावर येतात. रिचार्ज ठरलेला असतो, त्याची तयारी असते. हे मधले २० रुपये मात्र रात्री दहा वाजता, चिडून, एका बोटाने खर्च होतात. ते कशामुळे जातात आणि कसे थांबवायचे, एवढंच आज बघू.

तुम्ही व्हिडिओ लावता तेव्हा ॲप आधी तुमच्या इंटरनेटचा वेग पाहतं. वेग चांगला असेल तर चित्र अधिक स्पष्ट पाठवतं, वेग पडला तर चित्र थोडं धूसर करतं. याला 'ऑटो' म्हणतात आणि बहुतेक ॲपमध्ये मुळात हेच चालू असतं. व्हिडिओ अडखळू नये हा त्याचा हेतू आहे. आज तुमच्या पॅकमध्ये किती शिल्लक आहे, हे ते पाहत नाही. म्हणून होतं असं, की नेटवर्क जितकं चांगलं, तितका पॅक लवकर संपतो. गावी रेंज कमी असते तेव्हा दिवसभर पुरणारा पॅक शहरात संध्याकाळीच संपतो. तक्रार कंपनीची होते, पण बहुतेक वेळा कारण हे असतं.

आता आकडे. यूट्यूबमध्ये चित्राच्या दर्जाला 144p, 240p, 360p, 480p, 720p, 1080p अशी नावं दिसतात. आकडा म्हणजे चित्रात वरून खाली ठिपक्यांच्या किती ओळी आहेत ते. ओळी दुप्पट झाल्या की आडवे ठिपकेही दुप्पट होतात, म्हणून 720p च्या चित्रात 360p च्या चौपट ठिपके असतात. डेटा अगदी चौपट लागत नाही, कारण व्हिडिओ दाबून लहान करून पाठवतात, पण तिपटीहून जास्त लागतो. एका तासाला साधारण 360p ला ३०० एमबी, 480p ला ५०० एमबी, 720p ला १,१०० एमबी आणि 1080p ला २,२०० एमबी धरा. क्रिकेटचा सामना असेल तर थोडा जास्त, कोणी एका जागी बसून बोलत असेल तर कमी. हिशेबाला एवढा अंदाज पुरतो.

एक उदाहरण घेऊ. विटा-आटपाडी भागातली कितीतरी माणसं सोन्याचांदीच्या गलाईच्या कामासाठी देशभर पांगलेली आहेत. त्यांच्यातला एक भाऊ कोइमतूरला खोली करून राहतो असं समजा. खोलीत वायफाय नाही, टीव्ही नाही, जे आहे ते फोनवर. प्लॅन रोज १.५ जीबीचा, २८ दिवसांचा. १.५ जीबी म्हणजे १,५३६ एमबी. दिवसभरात व्हॉट्सॲप, घरच्यांशी बोलणं, पैशांची देवाणघेवाण यात ३०० एमबी जातात. रात्री नऊला तो मराठी मालिका आणि बातम्या बघायला बसतो, तेव्हा हाताशी जवळपास १,२०० एमबी असतात. त्याला दोन तास बघायचं आहे.

नेटवर्क चांगलं आहे, म्हणून 'ऑटो'ने 720p लावलं. तासाला १,१०० एमबी. दहा वाजून पाच मिनिटांनी पॅक संपला. अशा वेळी इंटरनेट बंद पडत नाही, वेग खाली येतो. अनेक प्लॅनमध्ये तो ६४ केबीपीएस होतो. या वेगाने तासाभरात जेमतेम २९ एमबी येतात, म्हणजे 360p चा व्हिडिओसुद्धा चालणार नाही. मालिका अर्ध्यावर अडकली, त्याने १ जीबीचं ॲड-ऑन घेतलं. ॲड-ऑनची किंमत कंपनीनुसार बदलते, आपण २० रुपये धरू. २८ दिवसांत असं बारा वेळा झालं तर २४० रुपये. वर्षाला २८ दिवसांचे तेरा रिचार्ज होतात, म्हणजे ३,१२० रुपये. पोस्टाचं आवर्ती ठेवीचं खातं महिन्याला १०० रुपयांपासून उघडता येतं आणि पुढे १० रुपयांच्या पटीत कितीही भरता येतात, म्हणजे २४० रुपयांचा हप्ता तिथे चालतो.

याच भावाने 480p लावलं, तर दोन तासांना १,००० एमबी लागतील आणि रात्री बाराला दोनशे एमबी उरतील. 360p लावलं तर सहाशेत भागेल. सहा इंचांच्या पडद्यावर मालिका बघताना 480p आणि 720p मध्ये फरक कळतो का, हे घरी स्वतः लावून पाहा. माझ्या मते मालिकेला आणि बातम्यांना 480p भरपूर होतं. मुलांचा अभ्यासाचा व्हिडिओ असेल, फळ्यावरचं लिखाण किंवा गणितं वाचायची असतील, तिथे मात्र 360p वर अडू नका. अक्षर दिसलं नाही तर तो डेटा वायाच गेला.

काही जण म्हणतील, सरळ २ जीबीचा मोठा प्लॅन घ्यावा. हिशेब करा. 720p वर दोन तासांचे २,२०० आणि दिवसाचे ३०० मिळून २,५०० एमबी होतात. २ जीबी म्हणजे २,०४८. मोठा प्लॅन घेऊनही रात्री पॅक संपणारच, कारण 'ऑटो' तसंच चालू आहे. आधी दर्जा ठरवा, आठ दिवस वापर बघा, आणि मग प्लॅन कमी पडतो की पुरतो ते ठरवा. कित्येकांना खालचा प्लॅनही पुरेल.

दर्जा कुठे बदलायचा? यूट्यूबमध्ये दोन जागा आहेत आणि गोंधळ इथेच होतो. व्हिडिओ चालू असताना दातेरी चक्राच्या खुणेवर दाबून Quality मध्ये दर्जा निवडता येतो. तिथे Advanced मध्ये गेलात की 360p, 480p असे आकडे दिसतात. पण ही निवड फक्त त्या एका व्हिडिओपुरती असते. पुढचा व्हिडिओ लागला की पुन्हा जुनी सवय. 'मी बदललं होतं, तरी संपला' असं सांगणारे बहुतेक इथेच अडकलेले असतात. कायमचा बदल ॲपच्या Settings मध्ये होतो. तिथे Video quality preferences उघडा, त्यात Video quality on mobile networks च्या खाली Data saver निवडा. आता प्रत्येक व्हिडिओ कमी दर्जात सुरू होईल आणि एखादा स्पष्ट हवा असेल तर तेवढ्यापुरता दातेरी चक्रातून वाढवता येईल. तुमचा फोन मराठीत असेल तर ही नावं मराठीत दिसतील, जागा त्याच.

नेटफ्लिक्समध्ये आकडे नाहीत, त्याऐवजी शब्द आहेत. ॲपच्या सेटिंगमध्ये मोबाइल डेटाचा पर्याय उघडला की Save Data निवडता येतं. त्यात १ जीबीमध्ये सुमारे सहा तास बघता येतं. Maximum Data निवडलं तर तेवढाच १ जीबी वीस मिनिटांतही संपू शकतो. फरक अठरापट आहे, तेव्हा घरातल्या मुलांनी कोणता पर्याय लावून ठेवला आहे तो एकदा उघडून पाहा. इतर ॲपमध्येही सेटिंगमध्ये व्हिडिओच्या दर्जाचा पर्याय शोधा.

हॉटस्पॉटचं प्रकरण जरा बारकाईने ऐका, कारण सगळ्यात मोठी गळती तिथे होते. फोनचा हॉटस्पॉट चालू करून तुम्ही टीव्ही किंवा दुसरा फोन जोडता. त्या टीव्हीला वाटतं, घरात वायफाय आहे. तुमच्या फोनमधलं Data saver त्याला लागू होत नाही, ते फक्त तुमच्या फोनमधल्या ॲपपुरतं आहे. टीव्ही मोठा, म्हणून तो 1080p किंवा त्याहून वरचं चित्र मागतो आणि १.५ जीबी पाऊण तासात जातात. फोनवरून टीव्हीवर 'कास्ट' केलं तरी तेच, कारण तिथे व्हिडिओ टीव्ही स्वतः ओढून घेतो. अशा वेळी टीव्हीच्या ॲपमध्येच, व्हिडिओ चालू असताना, 480p निवडा. हॉटस्पॉट घेणारा दुसरा फोन असेल तर त्याच्या यूट्यूबमध्ये Video quality on Wi-Fi लाही Data saver लावा.

ज्यांच्या प्लॅनमध्ये 5G अमर्याद आहे त्यांनीही एक पाहून घ्यावं. ही सवलत फोनला 5G मिळतं तोवरच असते. आतल्या खोलीत किंवा प्रवासात फोन 4G वर आला की वापर रोजच्या पॅकमधून कापला जातो, आणि ॲप तुम्हाला ते सांगत नाही. वरच्या कोपऱ्यात 4G दिसत असेल तर दर्जा खाली आणा.

छोट्या व्हिडिओंच्या सरकत्या पट्टीत दर्जा आपल्या हातात फारसा नसतो, शिवाय पुढचे व्हिडिओ ॲप आधीच उतरवून ठेवतं. तुम्ही दोन सेकंदांत पुढे सरकवलंत, तरी त्याचा डेटा गेलेलाच असतो. अर्धा तास हे बघणं एका मालिकेहून महाग पडू शकतं. भजन, कीर्तन, जुनी गाणी नुसती ऐकायची असतील तर 144p लावा. चित्र कोणी बघत नाही, आवाज ऐकायला पुरेसा येतो. आणि लहान मुलं तेच गाणं दिवसात दहादा लावत असतील तर ते ॲपमध्येच डाउनलोड करून ठेवा. डेटा एकदाच जाईल.

हे सगळं माझ्या सांगण्यावर मानू नका, फोनमध्ये मोजा. अँड्रॉइड फोनच्या सेटिंगमध्ये डेटा वापराचं पान असतं. तिथे प्रत्येक ॲपने किती डेटा घेतला ते दिसतं. आज रात्री यूट्यूबचा आकडा कागदावर लिहा, अर्धा तास बघा, पुन्हा आकडा पाहा. वजाबाकी दीडशे ते अडीचशे एमबी आली तर सेटिंग लागलं आहे. पाचशेच्या वर आली तर अजून 'ऑटो'च चालू आहे, किंवा तुम्ही फक्त एका व्हिडिओपुरतं बदललं होतं. त्याच पानावर डेटाची धोक्याची सूचना लावता येते, तीही लावून ठेवा.

आणि एवढं करूनही एखाद्या दिवशी पॅक संपला, आणि दुकानात पैसे द्यायचे आहेत, तर त्यासाठी ॲड-ऑन घेऊ नका. कमी झालेल्या वेगावरही यूपीआयचा व्यवहार बहुधा होतो, फक्त वेळ लागतो. तो अडकला तर लगेच दुसऱ्यांदा पैसे पाठवू नका, आधी खात्यातून रक्कम गेली का ते बघा. बँकेत नोंदवलेल्या मोबाइल नंबरवरून `*99#` लावलं की इंटरनेटशिवायही शिल्लक तपासता येते आणि पैसे पाठवता येतात. रात्री बारानंतर रोजचा पॅक पुन्हा भरतोच.

आता फोन हातात घ्या आणि यूट्यूबचं सेटिंग उघडा. ज्यांना पान सापडत नाही त्यांनी हात वर करा, मी जागेवर येतो.