प्रोजेक्टसाठी कंपनीची माहिती मागताना



बेळगावच्या उद्यमबागेत फाउंड्री बऱ्याच आहेत. अशाच एका फाउंड्रीच्या गुणवत्ता विभागात मी काही वर्षं काम केलं. दर वर्षी इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाची मुलं प्रोजेक्टसाठी पत्र घेऊन यायची. बहुतेक पत्रांत दोन वाक्यं ठरलेली असायची. पहिलं, ‘कृपया आपल्या कंपनीची आवश्यक ती माहिती द्यावी.’ दुसरं, ‘माहिती पूर्णपणे गोपनीय ठेवली जाईल.’ आणि या दोन वाक्यांमुळेच ती पत्रं आमच्या ट्रेमध्ये पडून राहायची.

मॅनेजरला मुलांचा राग नसतो. त्याला दोनच गोष्टी कळायला हव्या असतात. नेमकं काय द्यायचं आणि ते पुढे कुणाकुणाच्या हातात जाणार. ‘आवश्यक ती माहिती’ म्हणजे काय हे ठरवण्याचं काम तुम्ही त्याच्यावर टाकलंत, तर सोपा मार्ग म्हणजे नाही म्हणणं.

एक उदाहरण घेऊ. विषय असा की, ग्रीन सँडमधल्या ओलाव्याचा आणि कास्टिंगमधल्या ब्लो होलचा संबंध तपासायचा. वाळूत पाणी जास्त झालं की वितळलेलं लोखंड ओतताना वाफ होते. तिला साच्यातून निघून जायला वाट मिळाली नाही, तर ती धातूत अडकते आणि कास्टिंगमध्ये पोकळी राहते. या प्रोजेक्टला काय लागतं? एकाच पार्टचं सहा महिन्यांचं रिजेक्शन रजिस्टर आणि त्याच काळातले वाळूच्या ओलाव्याचे रोजचे रिपोर्ट.

पण इथे एक गोम आहे. रजिस्टरमध्ये तारीख असते ती तपासणीची. पीस ओतलेला असतो त्याच्या दोन-चार दिवस आधी. कातडीखालचा ब्लो होल तर मशीनिंग होईपर्यंत दिसतच नाही. म्हणून सोमवारच्या रिजेक्शनला सोमवारची वाळू जोडलीत, तर सगळा हिशोब चुकतो. प्रत्येक पीसचा हीट नंबर आणि ओतल्याची तारीख मागायला हवी. पत्रात तुम्ही ‘हीट नंबरसह’ एवढं लिहिलंत, तरी मॅनेजरला कळतं की या मुलांना काम समजलंय.

आता काय मागायचं नाही? ग्राहकाचं नाव, पार्टचं ड्रॉइंग, किंमत आणि मोल्डर कामगारांची नावं. ड्रॉइंग बहुतेक वेळा ग्राहकाच्या मालकीचं असतं. ते बाहेर द्यायचं नाही, असा करार कंपनीने आधीच केलेला असतो. म्हणजे मॅनेजरच्या मनात असलं तरी ते त्याच्या हातात नसतं. शिवाय या प्रोजेक्टला त्यातलं काहीच लागत नाही. ‘हे नको’ असं तुम्हीच लिहिलंत, तर त्याची अर्धी भीती तिथेच जाते.

आता गोपनीयतेकडे येऊ. ‘पूर्णपणे गोपनीय’ हे वचन तुम्हाला पाळताच येत नाही. तुमचा रिपोर्ट गाइड वाचतात, बाहेरचे परीक्षक वाचतात. एक प्रत विभागात किंवा लायब्ररीत राहते. बऱ्याच कॉलेजांत तो साहित्यचोरी तपासणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये टाकतात आणि काही ठिकाणी त्याची प्रत तिथे साठून राहते. उद्या शेजारच्या फाउंड्रीतल्या साहेबांचा मुलगा तोच रिपोर्ट लायब्ररीत उघडू शकतो. म्हणून वचन लपवण्याचं देऊ नका. रिपोर्टमध्ये काय येईल आणि काय येणार नाही, त्याचं द्या.

ते कसं? समजा, सहा महिन्यांत 240 पीस नाकारले गेले. त्यात ब्लो होलचे 108, वाळू अडकल्याचे 60, श्रिंकेजचे 36, मिसमॅचचे 24 आणि इतर 12. रिपोर्टमध्ये 240 हा आकडा लिहायची गरजच नाही. 45, 25, 15, 10 आणि 5 टक्के एवढं पुरतं. वाचणाऱ्याला मुख्य दोष कोणता ते कळतं, पण एकूण उत्पादनात किती माल खराब निघतो हे कळत नाही. प्रतिस्पर्ध्याला आणि ग्राहकाला हवा असतो तो नेमका हाच आकडा. ओलाव्याच्या आलेखातही ब्लो होलची संख्या न देता, पहिल्या आठवड्याचं प्रमाण 100 धरून बाकीचे आठवडे त्या हिशोबात दाखवता येतात.

कंपनीचं नाव ‘कंपनी अ’ केलं म्हणजे झालं, असंही समजू नका. ‘बेळगावातली अमुक पंपाचं आवरण बनवणारी फाउंड्री’ असं वर्णन लिहिलंत, तर गावात सगळ्यांनाच ओळख पटते. गावाचं नाव आणि पार्टचं नाव, दोन्ही गाळा. फोटोत पार्टवर उठवलेला नंबर दिसत नाही ना, तेही पाहा. तिथेच गाडी हमखास अडते.

आता हे सगळं पत्रात कसं बसतं ते ऐका. इंग्रजीत लिहिलंत तरी क्रम हाच ठेवा.

‘मा. व्यवस्थापक, गुणवत्ता विभाग, यांस,

विषय: अंतिम वर्षाच्या प्रोजेक्टसाठी माहिती व परवानगी मिळण्याबाबत.

महोदय,

आम्ही मेकॅनिकल शाखेचे अंतिम वर्षाचे चार विद्यार्थी आहोत. ग्रीन सँडमधील ओलावा आणि ब्लो होल यांचा संबंध अभ्यासत आहोत. विभागप्रमुखांचे पत्र सोबत जोडले आहे.

आपण निवडाल त्या एका पार्टची गेल्या सहा महिन्यांची रिजेक्शनची नोंद, हीट नंबर व ओतल्याच्या तारखेसह, तसेच त्याच काळातील वाळूच्या ओलाव्याचे रिपोर्ट मिळावेत. ग्राहकाचे नाव, ड्रॉइंग, किंमत व कामगारांची नावे आम्हाला नकोत.

आमचा रिपोर्ट मार्गदर्शक व बाह्य परीक्षक वाचतील आणि त्याची प्रत कॉलेजात राहील. म्हणून त्यात कंपनीचे, गावाचे व पार्टचे नाव येणार नाही. मूळ संख्या न देता फक्त टक्केवारी व सापेक्ष आकडे देऊ. मूळ नोंदी एकाच लॅपटॉपवर पासवर्ड लावून ठेवू आणि तोंडी परीक्षेनंतर पुसून तसे आपणास लेखी कळवू. रिपोर्ट सादर करण्यापूर्वी पंधरा दिवस आधी मसुदा आपणास दाखवू. आपण सांगाल तो आकडा वगळू.

नोंदी पाहण्यासाठी आपल्या सोयीच्या दोन दिवशी येण्याची परवानगी द्यावी, ही विनंती.’

खाली चौघांच्या सह्या आणि गाइडची सही. गाइडची सही महत्त्वाची, कारण मुलं जूनमध्ये निघून जातात. उद्या काही झालं तर विचारायचं कुणाला, हे मॅनेजरला माहीत असावं लागतं.

एक मर्यादा सांगतो. मसुदा पाहून कंपनी एखादा आकडा काढायला सांगेल, तो काढा. पण निष्कर्ष बदला म्हणाली, तर नाही म्हणावं लागतं. ओलावा आणि ब्लो होल यांचा संबंध दिसला, तर तो दिसलाच. म्हणून पत्रात ‘आकडा वगळू’ असं लिहिलंय, ‘आपण सांगाल तसं बदलू’ असं लिहिलेलं नाही.

आणि परवानगी तोंडी मिळाली, तर त्याच दिवशी मॅनेजरना एक ईमेल पाठवा. काय मिळालं, कोणत्या अटींवर मिळालं, ते चार ओळींत लिहा. मॅनेजर बदलतात. नवे साहेब विचारतील की ही मुलं कोण, तेव्हा त्या चार ओळीच दाखवता येतात.