हातावरचे काळे डाग आणि औषधांची पिशवी



आज मी नाडी बघणार नाही, बीपीही मोजणार नाही. सदऱ्याच्या बाह्या जरा वर करा. आज्यांनो, बांगड्या मागे सारा आणि मनगटापासून कोपरापर्यंत हाताची वरची बाजू बघा. साठी-सत्तरीच्या पुढच्या बऱ्याच जणांच्या हातावर जांभळे-काळे डाग दिसतील. कशाला लागलं ते आठवत नाही, दुखत नाही, पण रक्त साकळलेलं दिसतं. कुणी म्हणतं उष्णता झाली, कुणी म्हणतं रक्त खराब झालं. यातले बहुतेक डाग निरुपद्रवी असतात. काही मात्र नसतात, आणि ते ओळखायचे कसे तेवढंच आज बोलायचं आहे.

कातडीखालच्या बारीक रक्तवाहिन्यांना आधार असतो तो चिवट तंतूंच्या गादीचा. वय वाढलं की ही गादी झिजते आणि उन्हाने ती आणखी लवकर झिजते. शहापूर-मुरबाडकडची माणसं आयुष्यभर भाताच्या खाचरात, माळावर, उघड्या हातांनी राबलेली. म्हणून डाग पडतात ते हाताच्या उन्हाकडच्या बाजूला. तीच आजी, तेच रक्त, पण तिचं पोट किंवा पाठ बघा, तिथे काहीच नसतं. पडशीचा बंद घासला, नातवाने हात घट्ट धरला, एवढंही त्या वाहिनीला पुरतं. तरुण माणसाचा मुका मार निळा, हिरवा, पिवळा होत जातो. हा डाग तसे रंग फारसे बदलत नाही. एक ते तीन आठवडे जांभळा राहतो आणि जाताना तपकिरी छटा ठेवून जातो. याला औषध नाही, आणि लागतही नाही. लांब बाह्या घालाव्यात, रात्री खोबरेल लावावं, एवढंच.

आता जागा बदलली की अर्थ बदलतो. डाग छाती-पोट-पाठीवर आले, मांडीवर हाताच्या पंजाएवढा काळा पट्टा पडला आणि मार तर काहीच लागला नव्हता, तर तो म्हातारपणाचा डाग म्हणून सोडून देऊ नका. तसंच नडगीवर आणि घोट्याजवळ टाचणीच्या डोक्याएवढे लाल ठिपके आले तर काचेचा पेला दाबून बघा. डासाच्या चाव्याची लाली दाबल्यावर फिकी पडते, हे ठिपके जात नाहीत. हे बहुधा रक्तातल्या प्लेटलेट कमी झाल्याचं लक्षण. निरोगी माणसाच्या रक्ताच्या एका बारीक थेंबात त्या दीड लाखाच्या वर मोजल्या जातात. पन्नास हजारांच्या खाली आल्या की थोड्याशा धक्क्याने काळंनिळं पडतं. वीस हजारांच्या आसपास काही न लागताच ठिपके येतात, हिरड्यांतून रक्त येतं, तोंडात काळे फोड दिसतात. आषाढात ताप असेल तर डेंग्यू किंवा चिखलातून होणारा लेप्टो मनात आणावा. ताप नसेल तर यकृताचा आजार, बी-बारा कमी असणं, अस्थिमज्जेचा रोग, अशी कारणं शोधावी लागतात. तपासणी सीबीसीची, साधी आहे. आकडा एकदम खाली आला तर काचपट्टीवर रक्त पसरून सूक्ष्मदर्शकाखाली बघायला सांगा. कधी कधी नळीत प्लेटलेट एकमेकींना चिकटतात आणि यंत्र उगाच कमी मोजतं.

पण आपल्या दिंडीत मला जास्त भीती वाटते ती औषधांच्या पिशवीची. एक उदाहरण नीट सांगतो. मुरबाडकडच्या एका पाड्यावरचे बाबा. हृदयात धातूची झडप बसवलेली. अशा झडपेवर रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून त्यांना रोज रक्त पातळ करायची गोळी, ॲसिट्रॉम, घ्यावी लागते. खरं तर रक्त पातळ वगैरे होत नाही. रक्त गोठवणारे काही घटक यकृत के जीवनसत्त्वाच्या मदतीने बनवतं, ती मदत गोळी रोखते. किती रोखली ते आयएनआर नावाच्या तपासणीत कळतं. गोळी न घेणाऱ्याचा आकडा साधारण एक. अशा झडपेला तो साधारण अडीच ते साडेतीन ठेवतात. बाबांचा वर्षभर तीनच्या जवळपास होता.

वारीत तिसऱ्या मुक्कामाला जुलाब लागले. वाटेवरच्या दुकानातून कुणीतरी मेट्रोनिडाझोलच्या गोळ्या आणून दिल्या. त्या जुलाबावर चालतात, पण ॲसिट्रॉम शरीराबाहेर काढण्याचं यकृताचं काम मंद करतात. म्हणजे गोळी तीच, असर दुप्पट. त्यात पोट बिघडल्याने जेवण कमी, पालेभाजी नाही, एकादशीला भगर-शेंगदाणे. के जीवनसत्त्व येणार कुठून? वर गुडघा सुजला म्हणून डायक्लोफेनॅक. ही गोळी प्लेटलेटचं काम बिघडवते आणि जठराला इजा करते. पाचव्या दिवशी कमरेपासून मांडीपर्यंत काळा पट्टा, दात घासताना रक्त, लघवी चहासारखी. पट्टा बघून सोबतचे म्हणाले, राहुटीचा खुंटा लागला असेल. सुनेला पटलं नाही, तिने गाडी करून रुग्णालयात नेलं. आयएनआर आठच्या वर होता. डॉक्टरांनी गोळी थांबवली, के जीवनसत्त्वाचा अगदी लहान डोस दिला, रोज रक्त तपासलं आणि आकडा खाली आल्यावर गोळी पुन्हा सुरू केली.

पुन्हा सुरू केली, हे लक्षात घ्या. कारण दुसरा प्रकार याच्या उलट असतो. हृदयात स्टेंट बसवलेला माणूस ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल घेत असतो, हातावर डाग बघून घाबरतो आणि दोन्ही गोळ्या स्वतःच बंद करतो. स्टेंट नवा असेल तर तो गुठळीने बुजू शकतो आणि थेट हार्ट अटॅक येतो. हातावरच्या डागासाठी ही किंमत फार मोठी आहे. डाग डॉक्टरांना दाखवावेत, गोळी त्यांनीच कमी-जास्त करावी. दुखलं तर अशा माणसाने डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन घेऊ नये. एखाद-दुसरी पॅरासिटामॉल चालते.

सांधेदुखीच्या बिनलेबल पुड्यांबद्दलही बोललंच पाहिजे. दोन दिवसांत गुडघा पळायला लागला, भूक वाढली, महिनाभरात चेहरा गोल झाला आणि हाताची कातडी कांद्याच्या पापुद्र्यासारखी झाली, तर त्या पुडीत स्टिरॉइड असण्याचा दाट संशय धरावा. धक्का लागताच डाग पडतात तो त्याचाच परिणाम. पण महिनोन्‌महिने घेतलेली पुडी एका दिवसात बंद करू नका. शरीराने स्वतःचं स्टिरॉइड बनवणं सोडलेलं असतं, माणूस कोसळतो. पुडी घेऊनच डॉक्टरकडे जा.

घोणस किंवा फुरसं चावल्यावरही रक्त गोठायचं थांबतं. दवाखान्यात त्याची सोपी परीक्षा करतात. नव्या, कोरड्या काचेच्या नळीत दोन मिली ताजं रक्त वीस मिनिटं न हलवता ठेवतात आणि मग नळी एकदाच तिरकी करतात. रक्त वाहिलं, तर विष भिनलं. चावा लहान दिसतो म्हणून मुक्कामावर थांबू नका.

शेवटी डोक्याचा मार. रक्त पातळ करायची गोळी घेणारा माणूस घसरून डोक्यावर पडला तर बाहेर काळंनिळं दिसो न दिसो, त्याच दिवशी दाखवा. सीटी स्कॅनसाठी कल्याण-ठाण्याला जावं लागलं तरी जा. आत रक्त हळूहळू साठतं. दोन-तीन आठवड्यांनी माणूस सुस्त होतो, डोकं दुखतं, एक पाय ओढतो, आणि घरचे म्हणतात, वय झालं. प्रत्येकाच्या खिशात एक चिठ्ठी असू द्या. तीवर गोळीचं नाव, कशासाठी घेतो, शेवटचा आयएनआर आणि घरचा फोन. विणेकऱ्यांकडे तिची दुसरी प्रत द्या.