रसातलं पाणी आणि परीक्षेतले तीन प्रश्न

साखर तंत्रज्ञानाच्या प्रश्नपत्रिकेत रस शुद्धीकरण, बाष्पीभवन आणि स्फटिकीकरण हे तीन वेगळे प्रश्न म्हणून येतात. विद्यार्थीही ते तीन वेगळ्या वह्यांतून पाठ करतात. कारखान्यात मात्र पहिल्या प्रश्नातली चूक तिसऱ्या प्रश्नात येऊन वसूल होते.

सुरुवात रसापासून करू. गिरणीतून आलेला मिश्र रस गढूळ आणि आंबट असतो, त्याचा सामू साधारण 5.2 ते 5.5. पांढरी साखर करणारे आपल्याकडचे बरेच कारखाने हा रस आधी 70 ते 75 अंशांपर्यंत तापवतात. मग त्यात चुन्याचं दूध आणि गंधक जाळून मिळवलेला सल्फर डायऑक्साइड वायू सोडतात आणि सामू 7 च्या आसपास आणतात. चुना रसातल्या फॉस्फेटला धरतो, चुना आणि वायू मिळून कॅल्शियम सल्फाइट तयार होतं, आणि या साक्यात मळ अडकतो. मग रस पुन्हा तापवून 102 अंशांच्या पुढे नेतात.

परीक्षक इथेच विचारतात, दुसऱ्यांदा का तापवायचं? ‘जंतू मरावेत म्हणून’ हे उत्तर अर्धवट आहे. रस उकळबिंदूच्या वर नेऊन मोकळा सोडला, की त्यात अडकलेली हवा भसकन निघून जाते. ती राहिली तर बुडबुडे मळाच्या कणांना चिकटतात आणि क्लॅरिफायरमध्ये मळ तळाशी बसण्याऐवजी तरंगतो.

सामूचा काटा दोन्हीकडे धोक्याचा. रस आंबट राहिला तर उष्णतेत सुक्रोज फुटून ग्लुकोज आणि फ्रुक्टोज होतं, आणि ही गेलेली साखर परत येत नाही. चुना जास्त पडला तर रसाचा रंग गडद होतो, आणि रसात विरघळून राहिलेले कॅल्शियमचे क्षार पुढे बाष्पीभवन संचाच्या नळ्यांमध्ये थर धरतात.

आता दुसरा प्रश्न. तासाला 100 टन स्वच्छ रस, ब्रिक्स 15, म्हणजे शंभरात 15 भाग विरघळलेले घन पदार्थ. त्याचं 60 ब्रिक्सचं सिरप करायचं, तर किती पाणी उडवायचं? घाईत 60 मधून 15 वजा करून 45 टन लिहिणारे दर वर्गात सापडतात. पण न बदलणारी गोष्ट घन पदार्थांची आहे. ते 15 टन सिरपमध्येही 15 टनच राहतात. ते सिरपच्या 60 टक्के असतील, तर सिरप 25 टन. म्हणजे पाणी उडालं 75 टन.

हे पाणी चार भांड्यांच्या संचात उडवतात. पहिल्या भांड्यातली वाफ दुसरं तापवते, दुसऱ्यातली तिसरं, आणि पुढच्या भांड्यात दाब कमी असल्याने रस कमी तापमानाला उकळतो. ही कल्पना 19व्या शतकात अमेरिकेतल्या लुईझियानात नॉर्बर्ट रिल्यू यांनी साखरेसाठी उभी केली. ढोबळ हिशोबाने 75 टन पाण्याला बाहेरची वाफ लागते 75 भागिले 4, म्हणजे पावणेएकोणीस टन. प्रत्यक्षात रस तापवायला आणि उष्णतेच्या गळतीपोटी ती आणखी लागते.

मग सगळंच पाणी इथेच का उडवू नये? कारण सिरप आणखी दाट झालं, तर नळ्यांमधून त्याचं वाहणं मंदावतं आणि नको तिथे दाणे धरायला लागतात. म्हणून 60 च्या आसपास थांबून उरलेलं काम पॅनकडे जातं.

पॅनमध्ये निर्वात असतो, त्यामुळे सिरप 60 ते 70 अंशांनाच उकळतं. इथली खरी कसोटी अतिसंपृक्ततेची. द्रव संपृक्ततेच्या थोडा वर, साधारण 1.2 पटीपर्यंत असला, तर आधी घातलेले दाणे वाढतात आणि नवे जन्मत नाहीत. तो 1.3 च्या वर गेला की आपोआप नवे दाणे पडतात. पॅनमन नमुना काढून काचेवर पसरतो आणि दिव्यासमोर धरतो. सारखे, धारदार कडांचे दाणे दिसले तर ठीक. त्यांच्यामध्ये धुळीसारखा बारीक चुरा दिसला, तर तो खोटा दाणा. हा चुरा सेंट्रिफ्यूगलच्या जाळीतून मळीबरोबर निघून जातो किंवा मोठ्या दाण्यांमधल्या वाटा बुजवून मळी नीट निथळू देत नाही.

उपाय सोपा दिसतो: पॅनमध्ये गरम पाणी सोडायचं, चुरा विरघळवायचा. पण परीक्षेत इथे थांबू नये. ते पाणी पुन्हा उडवावं लागतं, आणि पॅन हे एकच भांडं, त्याची वाफ पुढे दुसऱ्या भांड्याला जुंपलेली नसते. चार भांड्यांच्या संचात एक टन पाण्याला पाव टन वाफ पुरली होती, इथे सुमारे एक टन लागते.

चुना जास्त पडून नळ्यांवर थर बसला, तरी हिशोब हाच. संच पुरेसं पाणी उडवू शकत नाही, सिरप 60 ऐवजी 50 ब्रिक्सचं येतं आणि राहिलेलं पाणी पॅनवर पडतं. आपल्याच उदाहरणातले 15 टन घन पदार्थ घेतले, तर सिरप 25 ऐवजी 30 टन होतं. म्हणजे दर तासाला पॅनमध्ये 5 टन पाणी जास्त, आणि त्याला लागणारी वाफ जवळपास चौपट.