रात्री तीनला हात झटकत उठताय? आधी करंगळीला विचारा

मी हँड थेरपी करते, म्हणजे हाताच्या दुखण्यांवर काम करणारी ऑक्युपेशनल थेरपिस्ट. माझं काम चालतं सांताक्रूझ पूर्वेला, वाकोल्याच्या बाजूला. आजचा विषय असा आहे की ऐकताना तुम्हाला स्वतःची नाही, तर आईची किंवा मावशीची आठवण येईल. रात्री दोन-तीनला हाताला मुंग्या येतात, बोटं बधीर होतात, माणूस उठून बसतो, हात जोरजोरात झटकतो, दहा मिनिटांत बरं वाटतं आणि पुन्हा झोपतो. सकाळी विचारलं तर उत्तर ठरलेलं: "काही नाही रे, हातावर झोपले असेन."

एखाद्या रात्री तसं होऊ शकतं. पण आठवड्यातून तीन-चार वेळा होत असेल, तर बहुतेक वेळा ही मनगटात नस दाबली जाण्याची तक्रार असते. डॉक्टर तिला कार्पल टनेल सिंड्रोम म्हणतात.

टनेल म्हणजे बोगदा. तळहाताच्या सुरुवातीला खालून छोट्या हाडांची कमान असते आणि वरून एक जाड, न ताणणारा पडदा. या अरुंद जागेतून बोटं वाकवणाऱ्या नऊ दोऱ्या जातात आणि त्यांच्यासोबत एक नस, मीडियन नर्व्ह. आपली चर्चगेटची लोकल समजा. नऊ जण दाराशी घट्ट उभे आणि एक मऊ माणूस मध्ये अडकलेला. दोऱ्यांवरचं आवरण जरा सुजलं की चेंगरतो तो मऊ माणूस.

ही नस अंगठा, तर्जनी, मधलं बोट आणि अनामिकेचा अर्धा भाग सांभाळते. करंगळीची नस वेगळी आहे, ती या बोगद्यातून जात नाही. म्हणून माझा पहिला प्रश्न असतो, "करंगळीला मुंग्या येतात का?" बहुतेक जण आधी "पूर्ण हातालाच येतात" म्हणतात. मग मी सांगते, आज रात्री जाग आली की दिवा लावा आणि एकेक बोट चोळून बघा. दुसऱ्या दिवशी उत्तर बदललेलं असतं. करंगळी ठीक आणि बाकीची बधीर, तर संशय मनगटावर. फक्त करंगळी आणि अनामिका बधीर, तर संशय कोपरावर. तासन्‌तास कोपर दुमडून फोन कानाला लावणाऱ्यांनो, हे तुमच्यासाठी. मान वळवली की मुंग्या खांद्यापासून उतरत असतील, तर मान तपासावी लागते. आणि दोन्ही पायांनाही मुंग्या असतील, तर साखर आणि बी-१२ बघावं लागतं.

आता मुख्य प्रश्न. रात्रीच का? दिवसभर हात काम करतो, तेव्हा फारसं काही नाही, आणि आराम करताना त्रास! कारण झोपेत आपण मनगट दुमडतो. गालाखाली हात, उशीखाली हात, छातीशी मूठ, आणि तसेच दोन-दोन तास. १९८१ साली अमेरिकेतल्या डॉक्टरांनी या बोगद्यात बारीक नळी घालून आतला दाब मोजला होता. रक्तदाब ज्या एककात मोजतात, त्याच एककात. निरोगी माणसाचं मनगट सरळ असताना दाब साधारण २ ते ३ होता. या आजाराच्या पेशंटांमध्ये, मनगट सरळ असतानाच तो ३० च्या वर होता. आणि मनगट पूर्ण दुमडल्यावर ९० च्या वर गेला. एवढ्या दाबाखाली नसेला रक्त नीट मिळत नाही, म्हणून मुंग्या. हात झटकला की मनगट सरळ होतं, रक्त फिरतं, बरं वाटतं. म्हणजे झटकणं हाच पेशंटने स्वतः शोधलेला उपाय.

त्याच मोजणीतली दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची आहे. मनगट मागच्या बाजूला, म्हणजे "थांबा" म्हणताना करतो तसं वाकवलं, तर दाब दुमडल्यापेक्षाही थोडा जास्त भरला. म्हणजे दोन्ही दिशा वाईट. नसेला हवं आहे सरळ मनगट. हे एवढं लक्षात ठेवा, पुढचं सगळं यावरूनच येतं.

एक उदाहरण घेऊ. अनेक पेशंटांचं मिळून मी ते बनवलंय, कारण कुणाची ओळख सांगायची नाही. काकू म्हणू आपण त्यांना. वय ४८, पोळी-भाजी केंद्र चालवतात, रोज शंभरावर पोळ्या. दोन्ही हातांना रात्री मुंग्या. डाव्या हाताला पाच महिने, उजव्याला जवळपास दोन वर्षं. दोन वर्षांत मानेचा एक्स-रे झाला, तेल झालं, बी-कॉम्प्लेक्सच्या गोळ्या झाल्या. मी त्यांना दोन्ही कोपरं टेबलावर टेकवून मनगटं खाली लोंबकळत सोडायला सांगितलं, ६० सेकंद. याला फॅलेनची टेस्ट म्हणतात. उजव्या हाताला विसाव्या सेकंदाला मुंग्या, डाव्याला चाळिसाव्या. ही टेस्ट एकटी पुरेशी नसते, पण बोटांची कहाणी आणि टेस्ट जुळली की दिशा मिळते. सोबत डॉक्टरांनी थायरॉइड आणि साखर तपासली, कारण दोन्हींमुळे हा त्रास वाढतो. गरोदरपणातही होतो, आणि बाळंतपणानंतर बहुतेकींचा कमी होतो.

पहिला उपाय, रात्री स्प्लिंट. मेडिकलमध्ये काही शे रुपयांना मनगटाचा पट्टा मिळतो, ज्यात तळहाताच्या बाजूला धातूची पट्टी असते. काकूंनी तो आधीच घेतला होता. "मॅडम, पंधरा दिवस लावला, उलट जास्त मुंग्या येतात." मी पट्टी बाहेर काढली. ती मागच्या बाजूला चांगली वाकलेली! बरेच तयार पट्टे असेच येतात, कारण ते मनगट मुरगळलेल्यांसाठीही विकले जातात. पण आपल्याला मनगट मागे नको आहे. मी ती पट्टी टेबलाच्या कडेवर दाबून सपाट केली आणि परत घातली. शिवाय काकू पट्टा आवळून बांधत होत्या. घट्ट म्हणजे चांगलं, असं नसतं. पट्ट्याखाली एक बोट सहज जायला हवं, आणि पट्टा तळहातावरच्या आडव्या रेषांच्या अलीकडे संपायला हवा, म्हणजे मूठ पूर्ण वळते. साधं इलॅस्टिक बँडेज इथे उपयोगाचं नाही. ते मनगट वाकू देतं आणि वर दाबही देतं.

लावायचा फक्त झोपताना, पण रोज, आणि किमान सहा आठवडे. चार रात्रींत निकाल मागू नका.

दिवसाचं काय? काकूंचा ओटा उंच होता, त्यामुळे कणीक मळताना मनगट पूर्ण मागे वाकून सगळं वजन तळहाताच्या बुडावर, म्हणजे नेमकं बोगद्यावर येत होतं. पायाखाली लाकडी पाट घेतला, हात कोपरापासून खाली गेला, मनगट सरळ राहिलं. मळणं दोन वेळांत वाटून घेतलं. तुमच्यासाठी याचंच रूप: पलंगावर पोटावर लॅपटॉप, मनगट मागे आणि तळहात त्याच्या कडेवर टेकलेला. किंवा कुशीवर पडून एका हाताने धरलेला फोन. फोनमुळे हा आजार होतोच, असं म्हणायला भक्कम पुरावा नाही. पण नस आधीच दाबली असेल, तर दुमडलेलं मनगट तिला छळतंच. उशीला टेकवून फोन उभा करा, लांब मेसेज बोलून टाइप करा, हात बदला.

सहा आठवड्यांनी काकूंचा डावा हात जवळजवळ शांत झाला. उजव्याची झोपमोड कमी झाली, पण बोटं दिवसाही बधीर. सुट्टी नाणी मोजताना निसटायची, ब्लाउजचा हुक लागत नव्हता. दोन्ही तळहात शेजारी ठेवले, तेव्हा उजव्या अंगठ्याखालचा मांसल उंचवटा सपाट दिसला. इथे विषय बदलतो. त्या स्नायूला चालवणारे नसेचे तंतू मरायला लागलेत. आता पट्ट्यावर वाट बघणं म्हणजे स्नायू गमावणं.

ऑपरेशनचा विचार तीन वेळा होतो. बधिरपणा रात्रंदिवस राहिला, अंगठा कमजोर किंवा उंचवटा सपाट झाला, किंवा नीट लावलेल्या पट्ट्यानेही दोन-तीन महिन्यांत फरक पडला नाही. मध्ये एक पायरी असते, स्टेरॉइडचं इंजेक्शन. ब्रिटनमध्ये २०१८ च्या एका अभ्यासात सौम्य ते मध्यम त्रास असलेल्यांची तुलना केली होती. सहा आठवड्यांना इंजेक्शन पट्ट्यापेक्षा सरस ठरलं, सहा महिन्यांना दोन्ही सारखेच. म्हणजे लवकर आराम हवा असेल तर चांगलं, पण स्नायू वाळत असताना वेळ काढायला नाही.

काकूंना आम्ही हाडांच्या डॉक्टरांकडे पाठवलं. नर्व्ह कंडक्शन, म्हणजे नसेतून विजेचा सिग्नल किती वेगाने जातो ती तपासणी, झाली. उजवा हात गंभीर, डावा सौम्य. आपल्याकडे महापालिकेच्या व्ही. एन. देसाई रुग्णालयातल्या हाडांच्या ओपीडीपासून सुरुवात करता येते. केईएम, नायरसारख्या मोठ्या रुग्णालयांत ही तपासणी होते.

ऑपरेशन छोटं असतं. फक्त हात बधिर करून तळहातावर दोन-तीन सेंटिमीटरचा छेद देतात आणि तो वरचा पडदा कापून बोगदा मोकळा करतात. बहुतेक वेळा त्याच दिवशी घरी. काकूंच्या रात्रीच्या मुंग्या पहिल्याच आठवड्यात थांबल्या. बोटं त्याच दिवसापासून हलवायची, टाके साधारण दोन आठवड्यांनी काढले. तळहाताच्या बुडाशी दुखरेपणा काही महिने राहतो, म्हणून जोर लावून कणीक मळणं दोन महिने सुनेकडे. बोटांची संवेदना मात्र हळूहळू येते, कारण नस दिवसाला साधारण एक मिलिमीटर वाढते. मनगटापासून बोटाच्या टोकापर्यंत म्हणजे पाच-सहा महिने. हुक आता लागतो. अंगठ्याखालचा उंचवटा पूर्ण भरला नाही आणि कदाचित भरणारही नाही. दोन वर्षांची ती किंमत.

एक सावधगिरी. हात अचानक बधीर झाला आणि सोबत तोंड वाकडं, बोलणं अडखळणं किंवा छातीत दुखणं असेल, तर हा भाग विसरा आणि थेट इमर्जन्सी गाठा.

बाकीच्यांसाठी गृहपाठ. घरात रात्री हात झटकणारं कुणी असेल, तर त्यांचे दोन्ही तळहात शेजारी ठेवून अंगठ्याखालचा भाग बघा आणि करंगळीचं विचारा. पट्टा घरात असेलच, तर त्यातली पट्टी काढून सपाट आहे का तेही बघा. पुढच्या भागात कोपराची नस, म्हणजे करंगळीवाल्यांची पाळी. भेटूच!