अर्ध्या एमबीतला तिळगूळ

आज मी तुम्हाला एक हलणारं, गाणारं संक्रांतीचं भेटकार्ड कसं करायचं ते सांगणार आहे. आपल्याच फोनवर आणि घरातल्याच वस्तू घेऊन करायचं, आणि ते रेंज कमी असलेल्या फोनवरही उघडलं पाहिजे. ही शेवटची अट सगळ्यात महत्त्वाची. ती मला का महत्त्वाची वाटते, ते आधी सांगते.

माझं माहेर मुळशी धरणाच्या पाण्यापलीकडं, डोंगराच्या कुशीत. तिथं रेंज म्हणजे अंगणातल्या एका कोपऱ्यात, तीही असली तर असली. मागच्या दिवाळीत मी एक झगमगीत कार्ड केलं होतं. वरून फुलं पडतायत, चारी बाजूंनी चमचम आणि मागं सिनेमातलं गाणं. सगळ्यांना पाठवलं, आईलाही पाठवलं. भाऊबिजेला माहेरी गेले तर आई म्हणाली, "औंदा तू काहीच धाडलं नाहीस गं." तिचा फोन हातात घेऊन बघितला. माझं कार्ड तिथंच होतं, नुसतं गोल फिरत होतं. ते होतं २२ एमबीचं. चार दिवसांत ते उतरलंच नव्हतं.

मग मी हिशेब मांडला. आईकडं सेकंदाला ५० किलोबिट एवढाच डेटा येतो असं धरू. एका केबीचे आठ किलोबिट होतात. म्हणजे २२ एमबी उतरायला जवळजवळ एक तास लागणार, तोही मध्ये एकदाही रेंज न जाता. तेच कार्ड ५५० केबीचं, म्हणजे साधारण अर्ध्या एमबीचं असतं, तर दीड मिनिटात उतरलं असतं. म्हणून संक्रांतीला मी आधी वजन ठरवलं आणि मग कार्ड करायला घेतलं.

आता हे वजन वाढतं कशानं? आपल्या बचत गटाची वही आठवा. दर महिन्याला आपण सगळा हिशेब पहिल्यापासून लिहितो का? नाही. मागची शिल्लक पुढं ओढतो आणि या महिन्यात जे बदललं तेवढंच लिहितो. व्हिडिओची फाईल तशीच असते. एक चित्र ती पूर्ण साठवते आणि पुढच्या चित्रात जे बदललं तेवढंच लिहून ठेवते. मागची काळी पाटी तशीच राहिली आणि एकच लाडू सरकला, तर लिहायला फार थोडं असतं. पण सगळीकडून फुलं पडत असतील, चमचम चालली असेल, फोन हातात हलत असेल, तर प्रत्येक वेळी सगळं पान नव्यानं लिहावं लागतं. माझ्या दिवाळीच्या कार्डाचं तेच झालं होतं. म्हणून मागचं सगळं स्थिर ठेवायचं आणि एकच वस्तू हलवायची.

मी पोराची काळी पाटी घेतली. आधी माझी जुनी चंद्रकळा अंथरून बघितली होती, संक्रांतीला काळं शोभतं म्हणून. पण लाडू ठेवताना हात लागला की कापडाची घडी हलायची आणि व्हिडिओत सगळं कापड थरथरल्यासारखं दिसायचं. पाटी हलत नाही. तरीसुद्धा तिच्या चारी कोपऱ्यांखाली कणकेचे गोळे दाबले. पाटीच्या दोन्ही बाजूंना दोन स्टुलं ठेवली, त्यांवर एक फळी टाकली. फळीच्या कडेला फोन असा ठेवला, की कॅमेरा बाहेर येऊन थेट खाली पाटीकडं बघेल. फोनच्या दुसऱ्या टोकावर घडी केलेलं फडकं आणि त्यावर वजन ठेवलं.

उजेडाकडंही लक्ष द्यावं लागतं. अंगणात ऊन सरकतं, तशी सावली सरकते, आणि फोन आपल्या मनानं चित्र कधी उजळ तर कधी गडद करतो. मग व्हिडिओ लुकलुकतो आणि वजनही वाढतं. म्हणून मी सावलीत, उघड्या दाराजवळ बसले. बऱ्याच फोनमध्ये कॅमेरा चालू असताना स्क्रीनवर बोट दाबून धरलं की उजेड आणि फोकस तिथंच अडकून राहतो. तेवढं करा. फोटो काढताना दर वेळी फोनला बोट लावू नका. तीन सेकंदांचा टायमर लावा आणि हात बाजूला घ्या, म्हणजे फोनही हलत नाही आणि हाताची सावलीही पडत नाही.

आता फोटो. मी एकूण २० काढले. पाटीच्या खालच्या बाजूला एक वाटी ठेवली आणि सुपारीएवढे सहा तिळाचे लाडू घेतले. प्रत्येक लाडवाचे दोन फोटो. पहिल्यात लाडू वाटीच्या काठाशी, दुसऱ्यात आपल्या जागेवर. असे १२ फोटो झाले. मग ओल्या खडूनं वरच्या बाजूला लिहिलं, "तिळगूळ घ्या, गोड बोला". चार शब्द, प्रत्येक शब्दाचे दोन फोटो. पहिल्यात अर्धा शब्द, दुसऱ्यात पूर्ण. असे आठ फोटो. अक्षरं दोन बोटं उंच तरी हवीत, नाहीतर छोट्या फोनवर आईला वाचता येत नाहीत. आणि पाटीच्या अगदी कडेला लिहू नका, कडेचं कधीकधी कापलं जातं.

फोटोंच्या आधी मी एक काम उरकलं होतं, ते आवाजाचं. तुम्हीही आवाज आधी करा. गाणं किती सेकंदांचं आहे ते कळल्याशिवाय कुठला फोटो किती वेळ ठेवायचा ते ठरत नाही.

सिनेमातलं गाणं या वेळी घेतलं नाही. ते दुसऱ्याचं असतं, आणि आईला त्यात माझा आवाज कुठं ऐकू येणार? आपल्या मुळशीला तर ओव्यांची मोठी श्रीमंती आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या, त्यात आपल्या मुळशीतल्या बायकांच्या ओव्याही आहेत. तो संग्रह एक लाखाच्या वर गेला. त्या बायकांना गाण्यासाठी कुठला बाजा लागला नव्हता. मग मीच एक ओवी जुळवली:

संक्रांतीचा गं सण, तीळ भाजिते मंद मंद
माझ्या आईच्या दारात, पोचू दे गं गुळाचा गंध

ती मी आतल्या खोलीत, पंखा बंद करून, फोन तोंडापासून एक वीत अंतरावर धरून गायले. फोनच्या रेकॉर्डरवर ती १४ सेकंदांची भरली. खरं जातं फिरवत गायचंही करून बघितलं, पण छोट्या स्पीकरवर घरघर तेवढी ऐकू येते आणि शब्द बुडतात. हवं तर जात्याचा आवाज सुरुवातीला दोन सेकंद ठेवा, मग थांबवा आणि गा.

आता जोडणी. फोटो जोडून व्हिडिओ करणारं कुठलंही साधं ॲप चालतं. पहिल्या १९ फोटोंना प्रत्येकी अर्धा सेकंद दिला, ते झाले साडेनऊ सेकंद. विसाव्या फोटोला, म्हणजे पूर्ण कार्डाला, चार सेकंद. म्हणजे साडेतेरा. उरला अर्धा सेकंद, तो मी सुरुवातीला दिला, आणि तिथं हाच पूर्ण कार्डाचा फोटो पुन्हा लावला. का? व्हिडिओ उघडण्याआधी चौकटीत बहुधा पहिलंच चित्र दिसतं. तिथं रिकामी काळी पाटी दिसली तर कुणी हात लावत नाही. अक्षरं दिसली तर व्हिडिओ उतरायच्या आधीच कळतं, की लेकीचा निरोप आलाय. असे १४ सेकंद पुरे झाले, ओवीएवढेच. एका फोटोतून दुसऱ्यात विरघळत जायचे जे प्रकार ॲप सुचवतं, ते सगळे बंद ठेवा. त्यात सगळं चित्र बदलत राहतं.

शेवटी व्हिडिओ साठवताना ॲप चित्राचा आकार विचारतं. तिथं 480p निवडा. फोनवर बघायला तेवढं पुरतं. काही ॲपमध्ये बिटरेट विचारतात, म्हणजे एका सेकंदाला किती डेटा खर्चायचा ते. मी चित्राला २५० किलोबिट आणि आवाजाला ६४ किलोबिट ठेवले. मिळून ३१४. त्याला १४ सेकंदांनी गुणा, आठानं भागा, की साधारण ५५० केबी होतात. अक्षरांच्या कडेला चौकोनी ठिपके दिसायला लागले तर आकडा फार खाली गेला असं समजा आणि थोडा वाढवा. तयार फाईलचं वजन गॅलरीत तिच्या माहितीत लिहिलेलं असतं, ते वाचल्याशिवाय पुढं पाठवू नका.

व्हॉट्सॲपवर पाठवताना दोन चुका होतात. पहिली, व्हिडिओ डॉक्युमेंट म्हणून पाठवणं. व्हिडिओ म्हणून पाठवला तर व्हॉट्सॲप जड फाईल स्वतः थोडी दाबून हलकी करतं, डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर जशीच्या तशी जड जाते. दुसरी चूक माझ्या जावेनं केली. तिचं कार्ड छोटं होतं, पाठवताना तिनं GIF वर बोट ठेवलं, आणि आवाजच गेला. GIF ला आवाज नसतो. ओवी गेली, नुसते लाडू सरकत राहिले.

आधी घरातल्याच एका फोनवर पाठवा, आणि तो फोन घेऊन रेंज कमी असते तिथं जाऊन उघडून बघा. मी आमच्या गोठ्यामागं जाऊन बघितलं.

पूर्वी आपल्याकडं संक्रांतीला कार्डाबरोबर चिमूटभर तिळगूळ पाकिटात घालून टपालानं धाडायचे. पाकीट जड झालं तर तिकीट जास्त लागायचं, म्हणून चार दाणेच घालायचे. चार दाण्यांवर कुणी रुसत नव्हतं.

संक्रांतीच्या दिवशी सकाळी आईचा फोन आला. म्हणाली, "तिसरा लाडू वाकडा ठेवलायस." म्हणजे कार्ड पोचलं होतं, आणि तिनं ते नीट बघितलंही होतं.