पाण्याचा रेणू वाकडा का?



आजच्या विषयाची सुरुवात एका फळ्यापासून करावी असे आम्हांस वाटते. अकरावीच्या वर्गात आम्ही एका मुलास पाण्याच्या रेणूची आकृती काढावयास सांगितली. त्याने मध्ये ऑक्सिजन, डावीकडे एक हायड्रोजन आणि उजवीकडे दुसरा, असे तिन्ही अणू एका रेषेत मांडले. चूक दाखविल्यावर त्याने एक बाजू वाकवली आणि कोन लिहिला, एकशेसाडेचार अंश. "हा आकडा कोठून आला?" असे विचारताच तो म्हणाला, "पुस्तकात आहे, सर." आकडा बरोबर होता; पण त्याच्या हाती आकड्याखेरीज काहीच नव्हते. तो आकडा पाठ न करता कसा समजावा, एवढेच आज पाहावयाचे आहे.

ही कल्पना फार जुनी नाही. १९४० साली सिज्विक आणि पॉवेल या इंग्रज रसायनशास्त्रज्ञांनी असे सुचविले की, रेणूचा आकार हा मधल्या अणूभोवती इलेक्ट्रॉनांच्या किती जोड्या आहेत यावर ठरतो. १९५७ साली लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील गिलेस्पी आणि नायहोम यांनी तिला नियमांचे रूप दिले. तत्त्व साधे आहे. इलेक्ट्रॉनांच्या जोड्या एकमेकींना दूर लोटतात आणि शक्य तितक्या लांब जाऊन बसतात. याचे कारण केवळ समान विद्युत्भार एवढेच नव्हे. एकाच दिशेने फिरकी असलेले दोन इलेक्ट्रॉन एकाच जागी राहू शकत नाहीत, हा पाउलीचा नियम येथे अधिक महत्त्वाचा आहे.

आता या टेबलावर चार फुगे आहेत. त्यांची तोंडे आम्ही एका गाठीत बांधतो. पाहा, ते टेबलावर सपाट पसरले नाहीत. तीन खाली पाय रोवून उभे राहिले आणि चौथा वर गेला. फुगे एकमेकांना टेकून सरकतात, इलेक्ट्रॉनांच्या जोड्या न टेकताच लोटतात, हा फरक ध्यानी असू द्या. पण जागेची वाटणी सारखीच होते. कागद सपाट असल्यामुळे विद्यार्थ्याला वाटते की, चौघांनी नव्वद नव्वद अंशांवर बसावे. अवकाशात त्याहून अधिक मोकळी जागा आहे. सर्व बाजू सारख्या असलेले एक चौकोनी खोके घ्या. वरच्या बाजूचे समोरासमोरचे दोन कोपरे निवडा आणि खालच्या बाजूचे उरलेल्या दिशेचे दोन. खोक्याच्या मध्यापासून या चार कोपऱ्यांकडे दोरे ताणले, तर कोणत्याही दोन दोऱ्यांतील कोन सुमारे १०९.५ अंश भरतो. या आकृतीला चतुष्फलक म्हणतात. चुलीत जळणाऱ्या बायोगॅसमधील मिथेनचा रेणू नेमका असाच असतो. मध्ये कार्बन, चार दिशांना चार हायड्रोजन, आणि कोन १०९.५.

आता पाण्याकडे वळू. प्रथम मोजणी. ऑक्सिजनच्या बाहेरच्या कवचात सहा इलेक्ट्रॉन. दोन हायड्रोजनांनी प्रत्येकी एक आणला. एकूण आठ, म्हणजे चार जोड्या. यांपैकी दोन जोड्यांनी हायड्रोजन धरून ठेवले आहेत. त्या बंधित जोड्या. उरलेल्या दोन कोणाला धरून नाहीत. त्या एकाकी जोड्या. आमच्या त्या विद्यार्थ्याने नेमक्या या दोघींना विसरून रेणू सरळ काढला होता. त्या आकृतीत दिसत नाहीत, पण जागा मात्र घेतात. चार जोड्या म्हणजे पुन्हा चतुष्फलक. म्हणून कोन १८० नव्हे, तर १०९.५च्या आसपास असावा, एवढे मोजणीनेच कळते.

मग तो ५ अंशांनी कमी का? बंधित जोडीला दोन अणुकेंद्रे ओढत असतात, म्हणून ती दोहोंच्या मध्ये ताणलेली, निमुळती असते. एकाकी जोडीवर एकाच केंद्राचा हक्क; ती मधल्या अणूला बिलगून फुगीर बसते आणि तेथे अधिक जागा व्यापते. म्हणून दोन एकाकी जोड्यांतील लोटालोटी सर्वांत जास्त, एकाकी आणि बंधित यांतील त्याहून कमी, आणि दोन बंधितांतील सर्वांत कमी. या चारांतील दोन फुगे आम्ही अधिक फुगवून दाखवतो. लहान फुगे आपोआप जवळ सरकतात. अमोनियाच्या रेणूत एकच एकाकी जोडी असते. तेथे कोन सुमारे १०७. पाण्यात दोन, म्हणून १०४.५. मिथेन, अमोनिया, पाणी ही उतरती पायरी समजली की तिन्ही आकडे वेगवेगळे पाठ करावे लागत नाहीत.

येथे परीक्षेत एक नेहमीची चूक होते. जोड्यांची मांडणी चतुष्फलकी, म्हणून पाण्याचा रेणूही चतुष्फलकी, असे विद्यार्थी लिहितो. आकाराचे नाव अणूंच्या जागांवरून द्यावयाचे. एकाकी जोड्या अणूंना वाकवतात, पण नावात येत नाहीत. म्हणून पाणी वाकडे आणि अमोनिया बुटक्या तिकोनी मनोऱ्यासारखा.

या वाकडेपणाने काय बिघडते, असे कोणी विचारील. ऑक्सिजन इलेक्ट्रॉनांना आपल्याकडे ओढतो. रेणू सरळ असता तर दोन्ही बाजूंची ओढ एकमेकींना मारून टाकती. कार्बन डायऑक्साइडमध्ये तसेच होते. तेथे कार्बनवर एकाकी जोडी नाही, दोन दुहेरी बंध दोन विरुद्ध दिशांना जातात आणि रेणू सरळ राहतो. पाणी वाकडे असल्यामुळे त्याचे एक टोक किंचित ऋण आणि दुसरे किंचित धन राहते. मिठाचा खडा पाण्यात विरघळतो तो यामुळे. स्वयंपाकघरातील एवढी गोष्ट त्या दोन न दिसणाऱ्या जोड्यांवर अवलंबून आहे.

पण नियमाची मर्यादाही सांगितली पाहिजे. कुजक्या अंड्याच्या वासाचा हायड्रोजन सल्फाइड घ्या. मोजणी पाण्यासारखीच, दोन बंधित आणि दोन एकाकी. पण कोन निघतो सुमारे ९२ अंश. सल्फरचा अणू मोठा, त्याच्या बंधित जोड्या केंद्रापासून दूर, त्यामुळे त्यांची आपसांतील अडचण कमी. एकाकी जोड्यांना त्यांना आणखी दाबता येते. नियमाने "१०९.५हून कमी" एवढे आधी सांगितले, "किती कमी" हे सांगता आले नाही. तो आकडा प्रयोगानेच मिळतो. प्लॅटिनमसारख्या संक्रमण धातूंच्या कित्येक संयुगांत तर हा नियम साफ चुकतो.

शेवटी, पाठांतर आणि समज यांतील फरक ओळखण्यासाठी एक प्रश्न आम्ही त्याच विद्यार्थ्यास विचारला. अमोनियाने आणखी एक हायड्रोजन आयन घेतला, की अमोनियम आयन होतो. त्यातील कोन किती? क्षणभर थांबून तो म्हणाला, "एकाकी जोडीच बंध झाली. आता चौघी सारख्या. म्हणजे पुन्हा १०९.५." हा आकडा त्याने कोठेही वाचला नव्हता. आम्ही त्याला खडू दिला आणि पुढची आकृती काढावयास सांगितली.