सहा फुटांच्या वाटेचे एकशे तेरा चौरस फूट

बंगळुरात राहणाऱ्यांना ठाऊक आहे की इथे चौकाला ‘सर्कल’ म्हणतात, आणि त्यातली निम्मी सर्कलं मुळी गोल नाहीतच. आमच्या सोसायटीत मात्र एक खरोखरचं गोल आहे. मधोमध एक जुनं झाड, त्याभोवती गोल लॉन, आणि लॉनभोवती कड्यासारखी फिरायची वाट. गेल्या वर्षी या वाटेवर नवे पेव्हर ब्लॉक बसवले आणि बिल माझ्यासमोर आलं. मोजल्याशिवाय सही करायची नाही, ही सैन्यातली सवय अजून सुटलेली नाही.

आधी मापं सांगतो. लॉनच्या कडेला कर्बचे दगड आहेत, त्यांच्यासकट आतल्या गोलाचा व्यास ५० फूट. वाट कर्ब सोडून स्वच्छ सहा फूट रुंद. म्हणजे वाटेच्या बाहेरच्या कडेचा व्यास ६२ फूट. दोन्ही बाजूंना सहा-सहा मिळवायचे असतात; ५६ धरणारे बरेच भेटतात. बिलात वाटेचं क्षेत्रफळ ११६९ चौरस फूट लिहिलं होतं आणि दर होता चौरस फुटाला ९० रुपये.

आपण शाळेत शिकलो तसं करू. बाहेरचं पूर्ण वर्तुळ घ्यायचं आणि त्यातून आतलं काढून टाकायचं. बाहेरची त्रिज्या ३१, तिचा वर्ग ९६१. आतली २५, तिचा वर्ग ६२५. वजाबाकी ३३६. याला २२/७ ने गुणलं की १०५६ चौरस फूट. वर्गांची वजाबाकी आधी करून पायने शेवटी एकदाच गुणावं. दोन वर्तुळांची क्षेत्रफळं वेगवेगळी काढून, वेगवेगळी पूर्णांकात आणून मग वजा केली तर उगाच फरक शिरतो.

बिलात ११६९, माझ्याकडे १०५६. फरक ११३ चौरस फुटांचा, ९० च्या दराने १०,१७० रुपये. सोसायटीच्या बैठकीत लगेच कुजबुज सुरू झाली. एकजण म्हणाले, ‘‘हे सगळे असेच.’’ मला ते वाक्य आवडलं नाही, पण माझ्याही मनात तेच होतं, हे कबूल करतो.

त्या संध्याकाळी मी नातीला हेच गणित घातलं. ती आठवीत आहे. तिने क्षणात उत्तर दिलं, ‘‘आजोबा, ३१ वजा २५ म्हणजे सहा. सहाचा वर्ग ३६. गुणिले २२/७. एकशे तेरा!’’

चूक नेहमीची आहे. तिने त्रिज्या आधी वजा केल्या आणि वर्ग नंतर केला. सहा फूट त्रिज्येच्या एका छोट्या वर्तुळाचं क्षेत्रफळ तिने काढलं, वाटेचं नव्हे. मी तिला म्हटलं, ‘‘बाळा, ही वाट दीडशे फुटांहून लांब आहे आणि सहा फूट रुंद. एकशे तेरा चौरस फूट कसे होतील? ती आपल्या बैठकीची खोली झाली.’’ तिला पटलं. पण मला मात्र झोप लागेना. तिचं चुकलेलं उत्तर ११३, आणि बिलातला जादा आकडाही ११३. योगायोग म्हणून सोडून द्यावं, तर दोन्ही आकडे एकाच वाटेतून निघालेले.

दुसऱ्या दिवशी मेस्त्रींना बोलावलं. मुकादमाला इथे मेस्त्री म्हणतात. मी विचारलं, ‘‘मेस्त्री, कसं मोजलंत?’’ त्यांनी काही न लपवता टेप दाखवला. ‘‘सर, बाहेरच्या कडेने टेप फिरवला. १९४ फूट ९ इंच. गुणिले सहा.’’ करून पाहा, ११६८ आणि वर अर्धा. त्यांनी तो पूर्ण करून ११६९ लिहिले. लबाडी नव्हती. सरळ रस्त्याचं माप ते आयुष्यभर असंच घेत आले: लांबी गुणिले रुंदी. पण सरळ रस्त्याच्या दोन्ही कडा सारख्या लांब असतात. गोल वाटेच्या नसतात.

मी आतल्या कडेने टेप फिरवला. १५७ फूट १ इंच. याला सहाने गुणलं की येतात साधारण ९४२ किंवा ९४३. म्हणजे बाहेरून मोजलं तर ११३ जास्त आणि आतून मोजलं तर ११३ कमी. तोच आकडा तिसऱ्यांदा.

कारण समजायला दोऱ्या घ्या. अशी कल्पना करा की ही वाट ब्लॉकची नसून एकाला एक लागून ठेवलेल्या गोल दोऱ्यांची आहे. सगळ्यात आतली दोरी १५७ फुटांची, सगळ्यात बाहेरची जवळजवळ १९५ ची. आता सगळ्या एकाच ठिकाणी कापा, सरळ करा आणि डावी टोकं एका ओळीत आणून एकावर एक रचा. खाली लांब, वर आखूड, उंची सहा फूट: हा समलंब चौकोन झाला. त्याचं क्षेत्रफळ म्हणजे दोन लांब्यांची सरासरी गुणिले उंची. सरासरी १७६, गुणिले सहा, १०५६. वजाबाकीने आलेलं तेच उत्तर.

मेस्त्रींनी मात्र १९५ गुणिले सहा केलं, म्हणजे पूर्ण आयत धरला. त्या आयतात उजव्या बाजूला एक त्रिकोण फुकटचा शिरला. त्याची उंची सहा. पाया म्हणजे दोन दोऱ्यांच्या लांबीतला फरक. त्रिज्या सहाने वाढली की परीघ दोन पाय गुणिले सहाने वाढतो, म्हणजे पावणेअडतीस फुटांनी. अर्धा पाया गुणिले उंची केलं की उरतं पाय गुणिले सहा गुणिले सहा. नातीने काढलेलं हेच होतं! तिचं उत्तर वाटेचं नव्हतं, मेस्त्रींच्या चुकीचं होतं.

यात एक गंमत पाहा. त्या त्रिकोणात लॉनच्या आकाराचा कुठेही पत्ता नाही. वाट सहा फुटांची असेल, तर बाहेरच्या कडेने मोजल्यावर ११३ चौरस फूटच जादा येणार, मग आतलं लॉन ५० फुटांचं असो की ५०० फुटांचं. मोठ्या मैदानाभोवती ही चूक कुणाच्या लक्षातही येणार नाही, कारण एकूण आकड्यापुढे ती किरकोळ दिसते. छोट्या लॉनला ती दहा टक्क्यांच्या वर जाते. आणि वाट बारा फुटांची केली तर चूक दुप्पट नाही, चौपट होते.

हे कड्याचं गणित आपल्याकडे फार जुनं आहे, आणि तेही या कर्नाटकातच मांडलं गेलं. राष्ट्रकूट राजा अमोघवर्षाच्या काळात, इसवी सन ८५० च्या सुमारास महावीराचार्यांनी ‘गणितसारसंग्रह’ लिहिला. राष्ट्रकूटांची राजधानी मान्यखेट, म्हणजे आजच्या कलबुर्गी जिल्ह्यातलं मळखेड. महावीरांनी कड्याच्या क्षेत्रफळाला दोन नियम दिले आहेत. व्यास आतला ठाऊक असेल तर त्यात रुंदी मिळवा. बाहेरचा ठाऊक असेल तर त्यातून रुंदी वजा करा. मग रुंदीने आणि तिनाने गुणा. आपली वाट घेऊ. ५० अधिक ६, किंवा ६२ वजा ६, दोन्हीकडून ५६. गुणिले सहा, ३३६. आपल्या वजाबाकीतला ३३६ तोच. तीन हा त्यांचा व्यवहारातला स्थूल आकडा, त्याने १००८ येतात. सूक्ष्म हिशेबाला ते दहाचं वर्गमूळ घेतात, त्याने १०६२ येतात, म्हणजे आपल्याहून सहा-सात फूट जास्त. पायचा आकडा पुढे सुधारला. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त ३९२७ भागिले १२५० आहे, तो आजच्या मापाला पुरतो. पण ‘तुझ्या हातात आतला व्यास आहे की बाहेरचा, ते आधी सांग’ हे विचारणं महावीरांनी अकराशे वर्षांपूर्वी नियमातच घालून ठेवलं होतं.

आता बैठकीत हे पटवायचं कसं? तिथे समलंब चौकोन काढून चालत नाही. त्रिज्या मोजून दाखवावी तर मध्यावर झाड उभं. खोडाच्या बाजूने टेप धरला की तो व्यास राहत नाही, जीवा होते, आणि माप कमी येतं. पण जीवाच कामाला आली. वाटेच्या बाहेरच्या कडेवर टेपचं एक टोक धरायचं, दुसरं टोक बाहेरच्याच कडेवर असं न्यायचं की ताणलेला टेप लॉनच्या कर्बला फक्त चाटून जाईल. सगळा टेप वाटेवरच राहतो, गवतावर पाय द्यावा लागत नाही. या लांबीचं अर्ध करा, वर्ग करा, पायने गुणा. झालं वाटेचं क्षेत्रफळ. केंद्रापासून स्पर्शाच्या जागेपर्यंत २५, केंद्रापासून टेपच्या टोकापर्यंत ३१, मध्ये काटकोन. तेव्हा अर्ध्या जीवेचा वर्ग म्हणजे ९६१ वजा ६२५. पायथागोरसने वजाबाकी आपल्यासाठी करून ठेवली आहे.

सगळ्यांसमोर मेस्त्रींनीच टेप ताणला. ३६ फूट ८ इंच. अर्धे १८ फूट ४ इंच, वर्ग ३३६ च्या आसपास. आणखी दोन ठिकाणी मोजलं, एकदा एक इंच कमी, एकदा एक इंच जास्त. हे तीनदा मोजणं गरजेचं आहे. आकडे फुटा-फुटाने बदलले, तर वाट सगळीकडे सारखी रुंद नाही असं समजावं. दोन वर्तुळांचं केंद्र एक नसेल तर जीवेची युक्ती चालत नाही, आणि कुठेतरी एका जागी रुंदी मोजून सरासरी परिघाने गुणणंही फसतं. मोठ्यातून छोटं वजा करणं मात्र तेव्हाही बरोबर येतं, कारण आतलं वर्तुळ कुठेही सरकलं तरी ते जागा तेवढीच अडवतं. फक्त दोन्ही कडा खरोखर गोल हव्यात.

मेस्त्रींनी बिल १०५६ वर आणलं. मग म्हणाले, ‘‘सर, कडेचे ब्लॉक गोलाईत कापावे लागले, ते वाया गेले त्याचं काय?’’ रास्त प्रश्न होता. क्षेत्रफळात ती तूट येत नाही, ती वेगळी ओळ लिहून मागायची असते. कापलेल्या तुकड्यांचा ढीग अजून गेटजवळ पडलेला होता. आम्ही तो मोजला आणि त्याचे पैसे दिले.

जाताना त्यांनी माझ्याकडून ३६ फूट ८ इंचाचं ते चित्र एका कागदावर काढून घेतलं. दुसरीकडे त्यांचं एका कारंज्याभोवतीचं काम चालू होतं, आणि तिथेही मध्यावर टेप धरायला जागा नव्हती.